पहिल्या ड्रग राउंडला नाव असं विचारा

नाशिकच्या वॉर्डात एकाच वेळी दोन सुनीता पवार दाखल असू शकतात, आणि एकीची गोळी दुसरीला जाते. ‘तुम्ही सुनीता पवार ना?’ असं विचारूच नका. गुंगीतला पेशंट कशालाही ‘हो’ म्हणतो.

१. ‘मावशी, पूर्ण नाव सांगा,’ म्हणा.
२. नाव आणि आयपी नंबर मनगटावरच्या पट्टीशी, ड्रग चार्टशी जुळवा. बेड नंबरवर जाऊ नका, बेड बदलतात.
३. मग औषध, डोस, मार्ग, वेळ. चार्टवर सही करा ती गोळी दिल्यावरच, आधी नाही.

चूक देण्याआधी लक्षात आली तरी सिस्टरांना सांगून इन्सिडंट फॉर्म भरा. ‘कोणाचं चुकलं’ नको. ‘सारख्या नावाच्या दोघी शेजारी होत्या’ असं लिहा, म्हणजे बेड लांब करता येतात.

गोळी गेलीच असेल तर आधी पेशंट बघा, लगेच डॉक्टरांना कळवा. चार्टवर खाडाखोड नको.