पगारवाढ मागायची तर तयारी डिसेंबरात

एप्रिल-मार्च वर्ष धरणाऱ्या अनेक कंपन्यांत विभागाचं पुढच्या वर्षाचं बजेट जानेवारी-फेब्रुवारीतच ठरतं. मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म भरताना पगाराचा विषय काढला, तर साहेबांच्या मनात असूनही त्यांच्या हाती फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून आधी एचआरमधल्या कुणाला तरी विचारून घ्या, बजेटचे आकडे विभागाकडून कधी मागवतात. त्याच्या तीन-चार आठवडे आधी बोलायचं.

पुरावा म्हणजे काय, हे माझ्या धाकट्या बहिणीच्या कागदावरून सांगते. ती चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच बघते. तिने आधी लिहिलं होतं, 'मालाचं नियोजन सुधारलं.' यावरून कुणालाच काही कळत नाही. मी तिला वाहतुकीचं रजिस्टर उघडायला लावलं. नेहमीचा ट्रक चुकला की माल वेगळ्या टेम्पोने, कधी विमानाने पाठवावा लागतो आणि तो खर्च कारखान्याच्या अंगावर पडतो. आदल्या वर्षी एप्रिल ते नोव्हेंबर अशा 31 खेपा झाल्या होत्या, खर्च 6 लाख 20 हजार. यंदा त्याच महिन्यांत 9 खेपा आणि 1 लाख 70 हजार.

इथेच थांबू नका. ऑर्डरीच कमी झाल्या असतील तर खेपाही आपोआप कमी होतात, आणि साहेब पहिला प्रश्न तोच विचारतील. तिने दोन्ही वर्षांचा एकूण पाठवलेला माल शेजारी मांडला. तो थोडा वाढलाच होता. जुलैत मशीन शॉपला नवा साचा मिळाला, खेपा कमी होण्यात त्याचाही वाटा होता. तेही तिने लिहिलं. मला ते फार आवडलं, कारण त्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. सगळं एका पानात बसवा. तेच पान घेऊन साहेबांना वर तुमच्यासाठी भांडायचं असतं. कंपनीच्या मेल मात्र स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, ऑफिसच्याच मेलबॉक्समध्ये फोल्डर करून ठेवा.

मागायचा आकडा ठरलेला हवा. तिचा सीटीसी 4 लाख 80 हजार होता. तिने 15 टक्के, म्हणजे वर्षाला 72 हजार मागितले. यातले किती फिक्स्ड आणि किती व्हेरिएबल, हे त्याच बैठकीत विचारायचं, नाहीतर वाढ कागदावर दिसते आणि हातात येत नाही.

वेळ मागताना विषय लपवू नका: "सर, पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं हवी होती, पगाराबद्दल बोलायचंय." डिस्पॅचवाल्यांनी महिनाअखेर टाळावी, तेव्हा सगळेच बिलिंगमध्ये अडकलेले असतात. 'आत्ता जमणार नाही' असं उत्तर आलं, तर कोणत्या महिन्यात आणि कोणता आकडा दाखवल्यावर जमेल ते विचारा, आणि त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल टाकून ते लेखी ठेवा.