टेन्शनमधे छाती आवळली, धडधड सुटली? या चुका टाळा

मी लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला नर्स आहे. मृग कोरडा गेला की, सोयाबीनचा भाव पडला की, नाहीतर पोरांच्या नीटचा रिझल्ट लागला की आमच्याकडं छाती धरून येणाऱ्यांची रांग वाढते. त्यातल्या बऱ्याच जणांचं हार्ट एकदम ठणठणीत असतं, भीतीनं आणि काळजीनं तसं झालेलं असतं. पण काहींना खरंच अटॅक आलेला असतो, आणि वाईट याचं वाटतं की यातलेच लोक उशिरा येतात. कारण घरात आधीच ठरून गेलेलं असतं, "टेन्शन घेतलंय त्यानं, दुसरं काय नाही."

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: टेन्शन होतं म्हणून हे टेन्शनचंच आहे असं धरणं

भांडण झालं, बँकेची नोटीस आली, रात्रभर झोप नाही आणि मग छातीत दुखलं, तर सगळ्यांना वाटतं कारण सापडलं. पण टेन्शननं दोन्ही होतं. राग, धक्का, भीती यात शरीरात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, आणि ज्याच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचलेला आहे त्याचा तो थर अशा वेळी फाटू शकतो आणि तिथंच रक्ताची गाठ धरते. म्हणजे भांडणानंतर अर्ध्या तासात छातीत दुखलं तर ती अँक्झायटी असू शकते तशी अटॅकची सुरुवात पण असू शकते, दुखण्याच्या आधी काय झालं त्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते दुखणं कसं वागतंय त्यावरून, आणि दुखणारा माणूस कोण आहे त्यावरून.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. बावन्न वर्षांचे तात्या, शुगरची गोळी चालू, तंबाखू दिवसभर गालात. सकाळी बांधावरून चुलतभावाशी जोरात भांडण झालं, घरी आले तर छाती भरून आल्यासारखी, गच्च दाबल्यासारखी, आणि अंगाला गार घाम. बायको म्हणली दवाखान्यात चला, तर हे म्हणले, "कामून? गॅस धरलाय निस्ता, डोकं फिरवलं त्यानं माझं." सोडा पिला, ढेकर आला, थोडं बरं वाटलं. मग जबड्यात आणि डाव्या दंडात ठणका लागला, तर पोरगं मोटरसायकलवर मागं बसवून गावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेलं, तिथं अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. घराच्या पायऱ्या चढताना पुन्हा वाढलं, तेव्हा आमच्याकडं आले. पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल. डॉक्टरांनी घरी न सोडता वीस मिनिटांनी दुसरा काढायला लावला, त्यात एसटी, म्हणजे आलेखातला एक भाग, उचललेला स्पष्ट दिसला, ही अटॅकची खूण. गाठ विरघळवायचं इंजेक्शन तिथंच दिलं आणि पुढं अँजिओग्राफीसाठी लातूरला पाठवलं. तात्या वाचले, पण मधे जो वेळ गेला त्यात हार्टचा काही भाग कायमचा कमजोर झाला.

यात बघा, सगळ्या खुणा पहिल्या दहा मिनिटांतच होत्या. गच्च दाब, गार घाम, शुगर, तंबाखू, वय. ढेकर आल्यावर बरं वाटलं हा काही पुरावा नाही, अटॅकचं दुखणं पण कमी जास्त होत राहतं. आणि पायऱ्या चढल्यावर वाढणं आणि बसल्यावर उतरणं, हे हार्टचं फार मोठं लक्षण आहे.

मग फरक ओळखायचा कसा

अँक्झायटीचा झटका बहुतेक वेळा झपाट्यानं चढतो, साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात उतरायला लागतो. श्वास पुरत नाही असं वाटतं म्हणून माणूस भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मग तोंडाभोवती, बोटांत मुंग्या येतात, कधी हाताची बोटं आखडतात, चक्कर येते. दुखणं बऱ्याचदा टोचल्यासारखं, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी. आणि बसलेलं असताना, झोपायला गेल्यावर पण येतं, पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी पाण्याचे हंडे आणताना किंवा वखर धरल्यावर ठीक असतो.

हार्टचं दुखणं बहुतेक वेळा टोचत नाही, दाबतं. माणूस बोट नाही, अख्खी मूठ छातीवर ठेवून दाखवतो. ते जबडा, मान, खांदा, दोन्ही नाहीतर एक हात, पाठ, पोटाच्या वरच्या भागात पसरतं. सोबत गार घाम, मळमळ, दम. कामानं वाढतं.

पण हे पुस्तकातलं चित्र सगळ्यांना लागू होत नाही. बायकांना, म्हाताऱ्यांना आणि शुगरवाल्यांना कधी कधी छातीत फारसं दुखत पण नाही, नुसता दम लागतो, एकदम गळून गेल्यासारखं होतं, उलटी होते, पोटाच्या वर जड जड वाटतं. आपल्याकडं बाईनं "जीव घाबरा होतोय, अंग गळून गेलं" म्हणलं की घरातले म्हणतात तिला टेन्शन सहन होत नाही. सूनबाई असू द्या की आजी, पन्नाशीची असेल आणि शुगर बीपी असेल तर ईसीजी काढल्याशिवाय असं म्हणू नका. आणि आता मी मरते असं वाटणं हे पॅनिकमधे होतं तसं अटॅकमधे पण होतं, त्यामुळं घाबरलेलं दिसतंय म्हणून अँक्झायटीच, हे पण चूक.

धडधडीचं थोडं वेगळं. मनगटाची नाडी तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. भीतीनं नाडी शंभर ते एकशे तीसपर्यंत सहज जाते, हळूहळू वाढते आणि शांत झालं की हळूहळूच उतरते. पण शांत बसलेल्या माणसाची नाडी खटकन बटण दाबल्यासारखी दीडशेच्या वर गेली आणि थोड्या वेळानं तशीच खटकन थांबली, तर ती हार्टच्या करंटची गडबड असू शकते, तिला एसव्हीटी म्हणतात. तरण्या पोरींना कितीतरी दिवस टेन्शन, टेन्शन म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि नंतर निघतं ते एसव्हीटी. ठोके वेडेवाकडे, कधी चुकल्यासारखे पडत असतील तरी दाखवा. धडधड चालू असतानाचा ईसीजी मिळाला तर डॉक्टरचं निम्मं काम होतं, म्हणून ती थांबायची वाट न बघता चालू असतानाच जवळच्या ईसीजी असलेल्या दवाखान्यात पोचायचं.

त्या क्षणी काय करायचं

जे काम चाललंय ते सोडा आणि बसा, पाठीला उशी लावून अर्धवट टेकून. चालत दवाखान्यात जायचं नाही, स्वतः गाडी चालवायची नाही, मोटरसायकलवर मागं बसून खड्ड्यातनं जायचं नाही. दाबल्यासारखं दुखतंय आणि सोबत घाम, दम, उलटी, हाता-जबड्यात ठणका, डोळ्यापुढं अंधारी यातलं एक जरी असेल तर एक मिनिट पण न थांबता १०८ लावा. यातलं काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसा, पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८. आणि वय चाळीसच्या पुढं, किंवा शुगर, बीपी, तंबाखू, घरात कुणाला लवकर अटॅक आलेला असं काही असेल आणि हे पहिल्यांदाच होतंय, तर उतरलं तरी त्याच दिवशी ईसीजी. आपल्या लोकांना अटॅक कमी वयात पण येतो, त्यामुळं "अजून तरणाय" म्हणून सोडू नका.

अटॅकचा संशय असेल आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, पोटातनं रक्तस्राव किंवा अल्सर नसेल, लकव्याचं काही लक्षण नसेल, तर अ‍ॅस्पिरिन साधारण ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्यायची, नुसती गिळायची नाही. १०८ वर बोलताना विचारून दिली तर अजून चांगलं. डोकेदुखीची प्रत्येक गोळी अ‍ॅस्पिरिन नसते, पॅरासिटामॉलचा इथं काही उपयोग नाही, पाकिटावर वाचा. आणि शेजारच्या आबांची सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी हार्टची गोळी, जिभेखाली ठेवायची घाई करू नका. बीपी आधीच खाली असेल किंवा ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या एका गोळीनं माणूस कोसळू शकतो. माणूस पडला, हाक मारून उठेना आणि श्वास नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाबायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

आणि आधी तपासण्या होऊन अँक्झायटीच आहे हे डॉक्टरांनी सांगितलंय, आणि आजचा झटका अगदी नेहमीसारखाच आहे, तर मग श्वासावर या. नाकानं चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर, बाहेरचा श्वास लांब, असं पाच एक मिनिटं. पाय जमिनीवर टेकवा, कुणाशी तरी बोला. तोंडाला कागदी पिशवी लावायचं जुनं फॅड सोडा, खरंच हार्टचं किंवा दम्याचं असेल तर ऑक्सिजन अजून कमी होतो. चहा आणि तंबाखूनं धडधड वाढते. बहिणीच्या झोपेच्या गोळ्यांतली अर्धी गोळी पण नको, सवय लागते आणि दुखणं झाकलं जातं.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी जाऊ नका

तात्यांचंच बघा. सुरुवातीचा ईसीजी नॉर्मल असू शकतो, आणि हार्टला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. दुखणं चालूच असेल किंवा पुन्हा आलं तर "अजून एक काढा डॉक्टर, थोडा वेळ थांबतो" असं स्पष्ट म्हणा, यात लाजायचं काही नाही. आणि सांगताना फक्त "टेन्शन आलंय, छातीत दुखायलंय" एवढंच सांगू नका. कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, चालल्यावर काय होतं, कुठं पसरतं, शुगर बीपी तंबाखू, हे सगळं सांगा.

याच्या उलट पण एक चूक आहे. सगळं नॉर्मल निघालं, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तरी दर आठवड्याला नवीन दवाखाना, नवा टू-डी इको, आणि दिवसभर हातातल्या घड्याळात ठोके बघत बसायचं. जेवढं बघाल तेवढे वाढतात. हार्टचं निघालं नाही तर एकदा थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, दोन्हीमुळं धडधड होते आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं कायमचं आहे. ते पण ठीक असेल तर मग अँक्झायटीलाच खरा आजार समजून उपचार घ्या, समुपदेशन आणि गरज पडली तर गोळ्या, दोन्हीनं उतार पडतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, आणि १४४१६ या टेलिमानसच्या फुकट नंबरवर मराठीत बोलता येतं.

नॉर्मल असतानाचा एक ईसीजी आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो काढून स्वतःच्या आणि घरातल्या एकाच्या मोबाईलमधे ठेवा. रात्री दोन वाजता नव्या डॉक्टरपुढं जायची वेळ आली तर जुन्या ईसीजीशी ताडून त्याला लगेच कळतं की आजचा बदल नवा आहे का आधीचाच.