कापलेल्या गवताचा वास: अ‍ॅसिटिलीनपासून सिस-३-हेक्सेन-१-ऑल कसे बांधावे

विळ्याने ताजं गवत कापलं की येणाऱ्या हिरव्या वासात सिस-३-हेक्सेन-१-ऑलचा मोठा वाटा असतो. सहा कार्बनची साखळी, टोकाला OH आणि तिसऱ्या-चौथ्या कार्बनमध्ये सिस दुहेरी बंध. हा रेणू कागदावर बांधताना सुरुवात शेवटाकडून करा. दुहेरी बंधाच्या जागी तिहेरी लिहा: मधे अ‍ॅसिटिलीन, एका बाजूला इथाइल गट, दुसऱ्या बाजूला दोन कार्बन आणि OH. म्हणजे जोड दोनच.

आता HC≡CH मधला एक प्रोटॉन काढा. NaOH ने हे जमत नाही. अ‍ॅसिटिलीनचा पीकेए सुमारे २५ आणि पाण्याचा १५.७, त्यामुळे समतोल स्थिरांक १०⁻⁹ च्या आसपास राहतो. अमोनियाचा पीकेए ३५ च्या वर आहे, म्हणून द्रव अमोनियातला NaNH₂ हे काम पूर्ण करतो. भांड्यात पाणी मात्र नको, नाहीतर NaNH₂ त्यातच संपतो.

तयार झालेल्या अ‍ॅसिटिलाइडला ब्रोमोइथेन द्या, १-ब्युटाइन मिळेल. हॅलाइड प्राथमिकच हवं. तृतीयक घेतलं तर अ‍ॅसिटिलाइड जोडला न जाता प्रोटॉन ओढतो आणि हाती अल्कीन येतं.

दुसऱ्या जोडासाठी १-ब्युटाइनला पुन्हा NaNH₂ द्या. इथे बहुतेक विद्यार्थी २-ब्रोमोइथेनॉल लिहितात, कारण कार्बनही दोन आणि OH ही तयार. पण त्या OH चा प्रोटॉन अ‍ॅसिटिलाइड आधी पळवतो आणि १-ब्युटाइन जसंच्या तसं परत येतं. म्हणून इथिलीन ऑक्साइड घ्या. वलय उघडून ऑक्सिजनवर ऋणभार येतो आणि शेवटी सौम्य आम्ल दिलं की ३-हेक्साइन-१-ऑल तयार होतं.

राहिलं क्षपण. सिससाठी हायड्रोजन आणि लिंडलार उत्प्रेरक: कॅल्शियम कार्बोनेटवरचं, शिशाने मंदावलेलं पॅलेडियम. दोन्ही हायड्रोजन पृष्ठभागाकडच्या एकाच बाजूने बसतात. एक मोल हायड्रोजन शोषला गेला की थांबा. साधं पॅलेडियम-कार्बन अल्कीनवर थांबत नाही, थेट हेक्सॅनॉलपर्यंत जातं.

ट्रान्स हवं असेल तर द्रव अमोनियात धातुरूप सोडियम. इथे इलेक्ट्रॉन एकेक करून येतात, आणि मधल्या टप्प्यात दोन मोठे गट एकमेकांपासून दूर सरकतात. याची आणि NaNH₂ ची गल्लत फार होते, कारण द्रव अमोनिया दोन्हीकडे आहे. रंग लक्षात ठेवा: सोडियम विरघळताच अमोनिया गडद निळा होतो, तो निळा म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन. NaNH₂ मध्ये ते नाहीत, तो फक्त आम्लारी आहे.

काय मिळालं ते अवरक्त वर्णपटात पाहा. ट्रान्स असेल तर ९७० सेमी⁻¹ जवळ ठळक पट्टा दिसतो. गवताच्या वासाच्या नमुन्यात तो दिसला, तर सिसमध्ये ट्रान्सची भेसळ आहे.