टेस्लाच्या स्टिअरिंगवरचं बटण आपल्या आवडीच्या कामाला लावताना या चुका टाळा

टेस्लाच्या स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याखाली एक छोटं फिरतं चाक असतं. ते फिरवलं की आवाज कमी-जास्त होतो, पण ते बटणासारखं दाबताही येतं, आणि त्याला आपल्या आवडीचं काम नेमून देता येतं, जसं गाडीच्या कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर आणणं. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडल्यापासून आपल्याकडेही मॉडेल वाय दिसू लागली आहे, आणि या बटणाची तक्रार ठरलेली असते: "कॅमेरा लावला होता, पण दाबलं की गाणंच बंद होतं."

बटण बिघडलेलं नसतं, दाबणं कमी पडलेलं असतं. पटकन दाबलं की गाणं थांबतं. नेमून दिलेलं काम होण्यासाठी बटण दाबून धरावं लागतं. पहिल्यांदा दाबून धरलं की कामांची यादी उघडते आणि त्यातून कॅमेरा निवडता येतो. पुढे मत बदललं, तर `Controls` > `Display` मध्ये स्क्रोल व्हीलची सेटिंग शोधा.

आवाजी आज्ञा मात्र इथे शोधत बसू नका. त्यांची सोय उजव्या बाजूला आधीच आहे: जुन्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय गाड्यांत उजवं चाक दाबायचं, नव्यांत माइकचं चिन्ह असलेलं बटण. म्हणून डावं बटण कॅमेऱ्यासाठी मोकळं ठेवणंच मला शहाणपणाचं वाटतं.

घरात दोघं गाडी चालवत असतील, तर खरा गोंधळ इथे होतो. समजा, तुम्ही रविवारी कॅमेरा लावलात. सोमवारी बायको गाडी घेऊन गेली. तिने बटण दाबून धरलं, तर शेजारच्या सीटसमोरचा खण, म्हणजे ग्लोव्हबॉक्सच उघडला! सेटिंग उडालेली नाही. निवडलेलं काम ड्रायव्हर प्रोफाइलमध्ये साठतं, आणि तिच्या किल्लीला तिचा प्रोफाइल जोडलेला आहे. तिने पूर्वी ग्लोव्हबॉक्स निवडला होता, एवढंच. आधी स्क्रीनवर कोणाचा प्रोफाइल चालू आहे ते बघा, मग त्याच प्रोफाइलमध्ये बदल करा. घाईत तुमच्या प्रोफाइलवर जाऊन बदल केला, तर तिची सीट आणि आरसेही तुमच्या मापाने सरकतील.

आरशांवरून आठवलं: आरसे लावायचं पान स्क्रीनवर उघडं असेल, तर डावं चाक आरसा हलवतं. ते पान बंद करून मग बटण दाबून बघा.

तरीही प्रतिसाद नसेल, तर गाडी पार्कमध्ये घ्या आणि स्क्रीन काळी होईपर्यंत दोन्ही चाकं एकत्र दाबून धरा. त्याने टचस्क्रीन पुन्हा सुरू होते. हा उपाय शेवटी आणि थांबलेल्या गाडीतच करा.

वळताना बाजूची दुचाकी दिसावी एवढ्यासाठीच कॅमेरा हवा असेल, तर बटण खर्चू नका. `Controls` > `Autopilot` मध्ये `Automatic Blind Spot Camera` चालू करा, म्हणजे इंडिकेटर दिला की त्या बाजूचं चित्र आपोआप येतं.