गणपतीत सोमवारची मीटिंग हलवताना

‘सोमवारची मीटिंग पुढे ढकलली आहे, परवा घेऊ’ असा मेसेज ग्रुपवर टाकला की पाच जण विचारतात, परवा म्हणजे कधी? मेसेज कोणी शनिवारी वाचतो, कोणी थेट सोमवारी रात्री. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा.

२०२६ची गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. मीटिंग सरळ मंगळवारी ढकलायचा मोह होतो, पण दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन त्याच दिवशी असतं. अर्धी टीम घाटावर असेल. बुधवार बरा.

मेसेज असा:

> सोमवार, १४ सप्टेंबरची साप्ताहिक मीटिंग गणेश चतुर्थीमुळे होणार नाही. ती बुधवार, १६ सप्टेंबरला सकाळी ११:३० ते १२ होईल. लिंक तीच.
> विषय: १) रिलीजची तारीख ठरवणे (१५ मि.) २) ग्राहकांच्या प्रलंबित तक्रारी (१० मि.) ३) सुट्टीवर कोण, काम कोणाकडे (५ मि.)
> वेळ जमत नसेल तर शुक्रवार, ११ तारखेच्या संध्याकाळी ५ पर्यंत सांगा. २१ सप्टेंबरपासून पुन्हा सोमवारीच.

सुट्टीचं कारण लिहाच. दिल्लीच्या सहकाऱ्याचं ऑफिस त्या दिवशी चालू असू शकतं. शेवटचं वाक्यही गाळू नका, नाहीतर मीटिंग कायमची बुधवारी गेली असं काहींना वाटतं.

मेसेजआधी गूगल कॅलेंडरमध्ये तारीख बदला. तिथे `This event` निवडा. चुकून `All events` निवडलं, तर पुढच्या सगळ्या मीटिंगा हलतात.