पंप बंदूक नुसतीच ‘खट’ करायची

पाटणला काकांची लायसनची बारा बोअर पंप, फोरएंड, म्हणजे नळीखालची सरकती मूठ, मागंपुढं केलं की रिकामी पुंगळी उडायची पण पुढचं काडतूस येतच नव्हतं, ट्रिगरला नुसतं खट. सगळे म्हणाले स्प्रिंग गेली. बंदूक पूर्ण रिकामी करून डमी काडतुसं घातली, हळू ओढून बघितलं. पुंगळी आधीच बाहेर पडते, मॅगझीनच्या नळीतलं काडतूस अडवणारी पट्टी मात्र फोरएंड पार मागं टेकल्यावरच सुटते, मग काडतूस लिफ्टरवर येतं अन् पुढं ढकलताना वर उचलून चेंबरमध्ये जातं. इथं फोरएंडला जोडलेल्या दांडीच्या, अ‍ॅक्शन बारच्या, खाचेत जुनं ग्रीस वाळून दगड झालेलं, त्यामुळं स्ट्रोक थोडा अलीकडंच थांबायचा. रॉकेलनं धुतलं, पुसून तेलाचा हलका हात दिला, आता नीट भरतीय. पुंगळीच निघत नसेल तर मात्र चेंबर बघा, पावसाळ्यात गंज धरतो.