एका सलाईनचा कचरा चार रंगांच्या डब्यांत कसा टाकायचा

पेशंटचं सलाईन संपलं, सिस्टरने कॅन्युला काढली, आता ट्रॉलीवर काय काय उरलं ते बघा. सलाईनची रिकामी बाटली, आयव्ही सेटची नळी, सिरिंज, सुई, अँटिबायोटिकची काचेची व्हायल, फोडलेली अँप्यूल, रक्त लागलेला कापूस, चिकटपट्टी, ग्लोव्हज आणि सिरिंजचं कागदी पाकीट. एवढ्याशा कामाचा कचरा पाच ठिकाणी जातो, आणि हा एक ट्रे नीट वेगळा करता आला की बाकीचं बरंचसं आपोआप समजतं, म्हणून कोर्सला मुलांना मी इथूनच सुरुवात करून देते.

बरेच जण रंगांची यादी घोकतात आणि दोन दिवसांत विसरतात. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा, या वस्तूचं पुढे काय होणार आहे? पिवळ्यातलं जाळलं जातं. लालमधलं वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून रिसायकलला जातं. पांढऱ्यात टोचणारं, कापणारं. निळ्यात काच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हेच चार रंग आहेत, आणि रंग हा वॉर्डवरून किंवा पेशंटच्या आजारावरून ठरत नाही, वस्तूच्या पुढच्या प्रवासावरून ठरतो.

आता ट्रेवर हात घालू, पण आधी सुई. ती सगळ्यात आधी आणि तिथल्या तिथे, कारण हातात धरून चालत गेलं की वाटेत कुणाला तरी लागते. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण परत लावायचं नाही, टोपण लावतानाच बोटात सुई जाते. तशीच सिरिंज हब कटरमध्ये घालायची, दांडा दाबायचा, सुई खालच्या डबीत पडते आणि सिरिंजचं टोकही कापलं जातं. ही डबी भरली की ती पांढऱ्या, सहज भोक न पडणाऱ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. ब्लेड, स्काल्पेल तिथेच. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई निघत नाही, ती अख्खीच पांढऱ्यात.

टोक कापलेली सिरिंज लालमध्ये. हे कापणं का एवढं महत्त्वाचं? सुई काढली तरी सिरिंज अख्खी राहिली की कुणीतरी ती धुवून परत विकू शकतं. २००९ साली गुजरातच्या मोडासात हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली होती, तपासात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचं समोर आलं, माणसं दगावली. म्हणून आयव्ही सेटची नळीही कात्रीने कापायची, ग्लोव्हज कापायचे, सलाईनच्या बाटलीत उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतून बाटलीला कट मारायचा आणि मग हे सगळं लाल पिशवीत. पाणी न ओतता टाकलं की पिशवी जड होते, उचलताना फाटते आणि जमिनीवर सगळं सांडतं.

रक्ताचा कापूस आणि रक्त लागलेली चिकटपट्टी पिवळ्यात, मुदत संपलेली औषधंही पिवळ्यात. पूर्ण रिकामी व्हायल आणि फुटलेली अँप्यूल निळं चिन्ह असलेल्या, भोक न पडणाऱ्या बॉक्समध्ये, पण केमोथेरपीच्या औषधाची व्हायल असेल तर ती निळ्यात नाही, पिवळ्यातच पण वेगळी, सायटोटॉक्सिकचं चिन्ह लावून. आणि कागदी पाकीट? ते साध्या सुक्या कचऱ्यात, त्याला रक्त लागलेलं नाही. पाकिटं, चहाचे कप, पुठ्ठे पिवळ्या पिशवीत गेले की जाळायच्या कचऱ्याचं वजन उगाच वाढतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लाल पिवळ्यात, म्हणजे "सगळं इन्फेक्शनचंच आहे, टाका पिवळ्यात." आयव्ही सेट बऱ्याचदा पीव्हीसीचे असतात, त्यात क्लोरीन असतं, आणि ते जळताना डायॉक्सिन, फ्युरान अशी विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. इन्सिनरेटरच्या पहिल्या कक्षात साधारण ८०० अंश आणि दुसऱ्यात १०५० अंश सेल्सिअस ठेवून धूर किमान २ सेकंद तिथे थांबवायचा नियम आहे तो यासाठीच, पण भट्टीवर सगळा भार टाकण्यापेक्षा ते प्लास्टिक तिथे पोचूच न देणं बरं. चूक होतेय हे कळतं कसं? वजनाच्या रजिस्टरवरून. रोज रंगानुसार वजन लिहायचं असतंच, तेवढेच पेशंट असताना पिवळं अचानक वाढलं आणि लाल घटलं की समजा प्लास्टिक पिवळ्यात जातंय.

दुसरी चूक मी डोळ्यांसमोर बघितली आहे. मी आधी एका छोट्या नर्सिंग होमला होते, तिथे कुणीतरी घाईत सुईसकट सिरिंज लाल पिशवीत टाकली. सफाईच्या मावशींनी पिशवी दाबून गाठ मारली आणि सुई ग्लोव्हजमधून थेट तळहातात घुसली. मावशी तर घाबरून हात पिळायला लागल्या. पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, ब्लीच लावायचं नाही, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं, कारण एचआयव्ही प्रतिबंधाचं औषध लागलंच तर जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हायला हवं. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस टिकतो, तेव्हा "सुई जुनी आहे" म्हणून सोडून द्यायचं नाही. मावशींचं लसीकरण अर्धवट होतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं, याचं अजून वाईट वाटतं. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाची लस आधीच पूर्ण झालेली असावी आणि पिशवी कधीच दाबून भरायची नाही, पाऊण भरली की गाठ.

बांधलेल्या पिशवीला बारकोड लावायचा, वजन करायचं, कुलूप असलेल्या खोलीत ठेवायचं, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त तिथे राहता कामा नये. मग सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी येते. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर हॉस्पिटलने स्वतःची भट्टी लावायचीच नाही असा नियम आहे. लालमधलं प्लास्टिक तिथे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, उदाहरणार्थ १२१ अंश आणि १५ पीएसआय दाबावर ६० मिनिटं, मग तुकडे होऊन रिसायकलला. सुया निर्जंतुक करून तुकडे झाल्यावर लोखंडाच्या भट्टीत किंवा सिमेंटच्या बंद खड्ड्यात जाऊ शकतात. काच निर्जंतुक करून पुन्हा काचेच्या कामाला.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी पण सांगते, कारण घरात पांढरा डबा नसतो. जाड प्लास्टिकची, स्क्रू झाकणाची रिकामी बाटली घ्या, फिनाईलची चालेल, पाण्याची पातळ बाटली नको. वापरलेली सिरिंज थेट त्यात, बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून टेप गुंडाळायची, वर मोठ्या अक्षरात "सुया आहेत, उघडू नका" लिहायचं आणि घंटागाडीवाल्या दादांच्या हातात वेगळी द्यायची, तोंडाने सांगून. ओल्या कचऱ्याच्या पिशवीत खाली दडवलेली सुई त्यांना दिसत नाही आणि तेही पिशवी हातानेच उचलतात.